जपानी भाषेतला कॅमेरा मेन्यू वाचताना: शूटिंग मोड, फाइल फॉरमॅट आणि मेमरी कार्ड

जपानच्या बाजारासाठी बनवलेला वापरलेला मिररलेस कॅमेरा हातात आला की पहिली अडचण फोटोग्राफीची नसते, मेन्यूची असते. सगळा पडदा जपानी लिपीत. सोनीच्या जपानी बाजारातल्या अनेक बॉड्यांत फक्त जपानी भाषाच असते आणि फर्मवेअर अद्ययावत करून ती बदलता येत नाही. म्हणून मेन्यूतले मोजके शब्द ओळखायला शिकणं हाच खात्रीचा मार्ग.

या लेखात २०१८ साली आलेला सोनी अल्फा ७ मार्क ३ हा एकच कॅमेरा धरून तीन कामं नीट करून घेऊ: शूटिंग मोड लावणं, फाइल फॉरमॅट निवडणं आणि दोन कार्डांची व्यवस्था लावणं. बॉडीच्या तळाला ILCE-7M3 असं लिहिलेलं असेल तर खालच्या पायऱ्या जशाच्या तशा लागू पडतील. त्याच पिढीच्या इतर सोनी बॉड्यांचा मेन्यूही याच साच्याचा आहे. त्यानंतर आलेल्या मॉडेलांत सोनीने मेन्यूची मांडणी बदलली, पण शब्द बहुतेक तेच ठेवले. त्यामुळे जागा पाठ करण्यापेक्षा शब्दांवर भर द्या.

## सुरुवातीला काय जवळ हवं

- पूर्ण चार्ज केलेली NP-FZ100 बॅटरी. मेन्यू चाळण्यात वेळ जातो आणि मध्येच कॅमेरा बंद पडला तर कुठे होतो ते कळत नाही.
- निदान एक एसडी कार्ड, त्यावर U3 अशी खूण असलेलं. दोन असतील तर उत्तम.
- कार्डात आधीचे फोटो असतील तर ते संगणकावर उतरवून ठेवलेले.
- याच मॉडेलच्या सोनीच्या ऑनलाइन मदतपुस्तिकेची दोन पानं शेजारी शेजारी उघडलेली, एक इंग्रजी आणि एक जपानी. दोन्हींत प्रकरणांचा क्रम सारखाच आहे, त्यामुळे एखादी ओळ अडली तर त्याच जागेवर दुसऱ्या भाषेत तिचा अर्थ सापडतो.
- मोबाइलने मेन्यूच्या प्रत्येक पानाचा एकेक फोटो, काहीही बदलण्याआधी काढलेला. आधीच्या मालकाने काय लावून ठेवलं होतं याची ही एकमेव नोंद.

## १. आधी भाषेची ओळ शोधा

`MENU` बटण दाबा. वर आडव्या रांगेत रंगीत खुणा दिसतील. त्यातली पिवळी, पेटीच्या चित्राची खूण म्हणजे `セットアップ`, म्हणजेच सेटअप. तिथली सगळी पानं एकदा चाळा आणि `言語` ही दोन अक्षरं शोधा. हा शब्द भाषेचा आहे. ओळ सापडली तर आत जाऊन इंग्रजी निवडा आणि पुढचा बराचसा त्रास वाचवा.

ही ओळच नसेल तर तुमची बॉडी फक्त जपानी बोलते. कॅमेऱ्यात काही बिघाड आहे असं समजू नका. तो रिसेट केल्यानेही ही ओळ उगवत नाही. दुसऱ्या कंपनीचा जपानी कॅमेरा असेल तर हा शोध आवर्जून घ्या. निकॉनच्या मेन्यूत `言語` या शब्दाच्या शेजारीच कंसात `Language` असं रोमन लिपीत लिहिलेलं असतं, त्यामुळे ती ओळ चटकन दिसते.

## २. मेन्यूचा नकाशा आणि रोज लागणारे शब्द

वरच्या रांगेतल्या खुणांचे रंग लक्षात ठेवले की अर्धं काम होतं:

- लाल कॅमेरा: `撮影設定1`, शूटिंगच्या सेटिंग्जचा पहिला भाग. फाइल फॉरमॅट इथे.
- जांभळा कॅमेरा: `撮影設定2`, दुसरा भाग. व्हिडिओ, बटणं, पडद्यावरची माहिती वगैरे.
- हिरवी: `ネットワーク`, वायफाय आणि त्यासारखं सगळं.
- निळी: `再生`, काढलेले फोटो बघणं.
- पिवळी: `セットアップ`. कार्डाचं जवळपास सगळं इथे.
- शेवटचा तारा: `マイメニュー`, तुम्ही स्वतः बनवायचा मेन्यू.

मागच्या चाकाने वरखाली जायचं, चाकाचा मध्यभाग दाबून निवडायचं आणि `MENU` दाबून एक पायरी मागे यायचं. डावीकडे-उजवीकडे गेलं की पान बदलतं. कोपऱ्यात पानाचा क्रमांक असतो, तो टिपून ठेवायची सवय लावा.

आता शब्द. जपानी मेन्यूत मुख्यतः दोन तऱ्हेची अक्षरं दिसतात. साध्या, कोनदार, दोन-तीन रेघांची जी असतात ती बहुधा परकीय शब्दांसाठी वापरलेली काताकाना लिपी. तिथे `フォーマット` म्हणजे फॉरमॅट, `ファイル` म्हणजे फाइल, `スロット` म्हणजे स्लॉट, `キャンセル` म्हणजे कॅन्सल. गच्च रेघांची अक्षरं म्हणजे कांजी. त्यातले फार थोडे शब्द लागतात, पण ते न चुकता ओळखता आले पाहिजेत:

- `入` म्हणजे चालू आणि `切` म्हणजे बंद. सोनी रोमन लिपीतल्या ऑन-ऑफऐवजी हीच अक्षरं वापरते. `入` दोन रेघांचं, `切` त्याहून भरलेलं. एवढा फरक पुरेसा आहे.
- `静止画` म्हणजे स्थिर फोटो, `動画` म्हणजे व्हिडिओ. शेवटचं अक्षर दोन्हींत तेच आहे, म्हणून अक्षरं मोजा. तीन असली तर फोटो, दोन असली तर व्हिडिओ.
- `実行` म्हणजे करा. हा शब्द दिसला की पुढच्या दाबाला काम होऊन जाणार. थांबा, वरची ओळ पुन्हा बघा आणि मगच दाबा.
- `記録` म्हणजे नोंदवणं, साठवणं. कार्डाशी निगडित बहुतेक ओळींत हा असतो.
- `削除` म्हणजे फोटो पुसणं. काही कंपन्या त्यासाठी `消去` लिहितात.

आणि एक शब्द असा आहे की तो वेगळा काढून सांगायलाच हवा: `初期化`. सोनीच्या मेन्यूत `設定リセット` या ओळीच्या आत हा दिसतो आणि तिथे त्याचा अर्थ कॅमेऱ्याच्या सगळ्या सेटिंग्ज कारखान्यातून निघाल्या तशा करणं. कार्डावरचे फोटो त्याने जात नाहीत. पण कॅननच्या मेन्यूत `カード初期化` आणि निकॉनच्या मेन्यूत `カードの初期化` ही ओळ कार्ड फॉरमॅट करते. म्हणजे एका कंपनीच्या कॅमेऱ्यावर शिकलेला शब्द दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर तुमचं अख्खं कार्ड रिकामं करू शकतो. या शब्दाच्या आधी `カード`, म्हणजे कार्ड, आहे की नाही हे प्रत्येक वेळी पाहा.

करड्या रंगाने फिकट झालेली ओळ म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी सेटिंगमुळे ती सध्या निवडता येत नाही. ती दाबल्यावर कॅमेरा जपानीत कारण सांगतो. त्या संदेशात बहुतेक वेळा अडवणाऱ्या सेटिंगचं नाव असतं, तेवढं टिपून मदतपुस्तिकेत शोधा.

## ३. शूटिंग मोड

हा भाग सोपा आहे, कारण मोड मेन्यूतून नव्हे तर वरच्या डायलवरून लागतो आणि डायलवरची अक्षरं रोमन आहेत. डायल फिरवल्यावर पडद्यावर जे जपानी नाव येतं ते ओळखण्यासाठी हे पुरेसं आहे:

- `P` फिरवल्यावर `プログラムオート`. शटर आणि अॅपर्चर दोन्ही कॅमेरा ठरवतो.
- `A` फिरवल्यावर `絞り優先`. अॅपर्चर तुमचं, शटर कॅमेऱ्याचं.
- `S` फिरवल्यावर `シャッタースピード優先`. शटर तुमचं.
- `M` फिरवल्यावर `マニュアル露出`. दोन्ही तुमच्याकडे.

`優先` म्हणजे प्राधान्य. हा शब्द कार्डाच्या मेन्यूतही भेटेल, म्हणून लक्षात ठेवा. डायलवरचे आकडे हे आधी साठवून ठेवलेल्या सेटिंग्जचे कप्पे आहेत. वापरलेल्या कॅमेऱ्यात त्यांत आधीच्या मालकाच्या सेटिंग्ज असू शकतात. त्यामुळे सुरुवातीला डायल या आकड्यांवर ठेवू नका, नाहीतर तुम्ही केलेला बदल आणि कॅमेऱ्याचं वागणं यांचा मेळच लागणार नाही.

`SCN` वर ठेवलं तर प्रसंगांची यादी येते. त्यात `ポートレート` व्यक्तिचित्रासाठी, `スポーツ` खेळासाठी, `マクロ` जवळच्या वस्तूसाठी, `風景` निसर्गदृश्यासाठी, `夕景` सूर्यास्तासाठी आणि `夜景` रात्रीच्या दृश्यासाठी. नवख्या माणसाला हा मोड सोयीचा वाटतो, पण इथे बऱ्याचशा गोष्टी कॅमेरा स्वतः ठरवतो आणि मेन्यूतल्या अनेक ओळी फिकट होतात. मेन्यू शिकत असताना डायल `P` किंवा `A` वर ठेवा. तिथे जवळपास सगळ्या ओळी उघड्या असतात.

डायल फिरवल्यावर मोडचं वर्णन येत नसेल तर `セットアップ` मध्ये `モードダイヤルガイド` शोधून `入` करा. सगळे मोड ओळखीचे झाले की ते `切` करून टाका, कारण प्रत्येक वेळी तो खुलासा पडदा अडवतो.

मोडशी गल्लत होणारी आणखी एक गोष्ट म्हणजे `ドライブモード`. एका दाबाला किती फोटो आणि केव्हा निघणार हे ते ठरवतं. मागच्या चाकाची डावी बाजू दाबली की यादी उघडते. `1枚撮影` म्हणजे एकच फोटो, `連続撮影` म्हणजे सलग फोटो, `セルフタイマー` म्हणजे सेल्फ टायमर. शटर दाबल्यावर काही सेकंद काहीच होत नाही आणि मग आवाज येतो, तर कॅमेरा बिघडलेला नाही, सेल्फ टायमर लागला आहे. एका दाबात तीन फोटो निघाले आणि त्यांतला एक उजळ, एक काळपट असेल, तर नावात `ブラケット` असलेला पर्याय लागलेला आहे. दोन्हीवर उपाय एकच: यादीच्या सगळ्यात वर जाऊन `1枚撮影`.

## ४. फाइल फॉरमॅट

`MENU`, मग लाल कॅमेरा, मग पहिलं पान. वर `画質/画像サイズ` असं शीर्षक असतं, म्हणजे चित्राची प्रत आणि आकार. या एकाच पानावर फोटोच्या फाइलचा सगळा कारभार आहे. ओळी वरून खाली अशा घ्या.

`ファイル形式`, म्हणजे फाइलचा प्रकार. आत तीन पर्याय: `RAW`, `RAW+JPEG`, `JPEG`. हे रोमन लिपीतच आहेत. संपादन करणार असाल तर रॉ हवंच. फोटो लगेच कुणाला पाठवायचे असतील तर सोबत जेपेगही हवा. मेन्यू परका असताना मी `RAW+JPEG` हाच पर्याय सुचवेन. कारण रंग, व्हाइट बॅलन्स यांची एखादी ओळ चुकून बदलली गेली तरी ती जेपेगलाच पक्की चिकटते, रॉमधून ती संगणकावर मागे घेता येते.

`RAW記録方式`, म्हणजे रॉ कशी साठवायची. इथे `圧縮` आणि `非圧縮` हे दोन पर्याय आहेत आणि इथेही अक्षरं मोजायची. दोन अक्षरं म्हणजे दाबून लहान केलेली रॉ, तीन अक्षरं म्हणजे न दाबलेली. पुढे लागलेलं `非` हे नकाराचं अक्षर आहे.

या निवडीने फाइलच्या आकारात दुपटीचा फरक पडतो. कॅमेरा सुमारे २४ मेगापिक्सेलचा आहे. दाबलेल्या रॉमध्ये प्रत्येक पिक्सेलला साधारण एक बाइट खर्च होतो, म्हणून फाइल सुमारे २४ एमबीची. न दाबलेलीत दोन बाइट, म्हणून सुमारे ४७ एमबी. सलग फोटो काढताना हे आणखी जाणवतं. सोनीच्या आकड्यांप्रमाणे सर्वांत वेगवान सलग मोडमध्ये दाबलेल्या रॉचे सुमारे ८९ फोटो निघेपर्यंत कॅमेरा मंदावत नाही, न दाबलेल्या रॉला तो ४० फोटोंच्या आसपास अडखळतो.

दाबलेल्या रॉचीही किंमत आहे. हे दाबणं पूर्णपणे परतवता येण्याजोगं नाही. त्यात सलग शूटिंग केलं तर नोंद १४ ऐवजी १२ बिटवर उतरते. शिवाय या दाबण्यामुळे काळ्या आकाशात चंद्राची तेजस्वी कड अशा कडक फरकाच्या जागी, सावल्या खूप उजळल्या तर कडेला बारीक दाणे दिसू शकतात. नेहमीच्या फोटोंत हे डोळ्यांना सापडत नाही. म्हणून रोजच्या वापराला `圧縮` ठेवा आणि ट्रायपॉडवर शांतपणे एकेक निसर्गदृश्य टिपताना `非圧縮`. नंतरच्या काही मॉडेलांत `ロスレス圧縮` असा तिसरा पर्याय आला आहे. त्यात माहिती न गमावता फाइल लहान होते. तो दिसला तर डोळे मिटून तोच घ्या. या मॉडेलमध्ये तो नाही, त्यामुळे शोधत बसू नका.

`JPEG画質`, म्हणजे जेपेगची प्रत. `エクストラファイン` सर्वांत उत्तम, मग `ファイン`, मग `スタンダード`. `ファイン` पुरेसं आहे. सोबत रॉ असताना तर त्याच्या वर जाण्यात फक्त जागा जाते.

`JPEG画像サイズ`, म्हणजे जेपेगचा आकार. `L` म्हणजे पूर्ण २४ मेगापिक्सेल, `M` आणि `S` त्याहून लहान. फक्त जेपेग काढणाऱ्याने इथे चूक केली तर ती भरून निघत नाही, कारण `S` वर काढलेला फोटो नंतर मोठा होत नाही. ही ओळ `L` वर आहे ना, हे पहिल्याच दिवशी बघा.

या शेवटच्या दोन ओळी फिकट दिसत असतील तर वर `ファイル形式` मध्ये नुसतं `RAW` निवडलेलं आहे. जेपेग बनतच नसल्यामुळे कॅमेरा त्या बंद ठेवतो.

व्हिडिओची फाइल इथे मिळणार नाही. ती जांभळ्या कॅमेऱ्यात `記録方式` या ओळीत आहे. नाव रॉच्या ओळीसारखंच आहे, फक्त पुढे `RAW` नाही, आणि लोक हमखास इथे गोंधळतात. आत `XAVC S 4K`, `XAVC S HD` आणि `AVCHD` हे पर्याय येतात. त्याखालची `記録設定` ही ओळ फ्रेमचा वेग आणि बिटरेट ठरवते. `100M` असलेला पर्याय निवडला तर U3 खुणेचं कार्ड लागतं. साधं कार्ड असेल तर कॅमेरा रेकॉर्डिंग सुरूच करत नाही, आणि जपानी संदेश वाचता येत नसल्यामुळे दोष बटणाला दिला जातो.

## ५. कार्ड घालणं आणि फॉरमॅट करणं

कार्डाचं दार उघडल्यावर दोन खाचा दिसतात. वरची पहिली असं आपण गृहीत धरतो, पण या बॉडीत खालची खाच स्लॉट १ आहे आणि वरची स्लॉट २. दोघींची ताकदही सारखी नाही. खालची जास्त वेगाची यूएचएस-२ कार्डं पूर्ण वेगाने चालवते, वरची फक्त यूएचएस-१ पर्यंत जाते. महागडं वेगवान कार्ड वरच्या खाचेत गेलं तर ते चालतं, पण साध्या कार्डाच्या वेगाने. एकच कार्ड असेल तर ते खालीच घाला.

कार्डाच्या कडेची छोटी सरकपट्टी `LOCK` कडे नाही ना, तेही घालण्यापूर्वी बघा.

फॉरमॅट करण्यासाठी: `MENU`, पिवळी पेटी, `フォーマット`, मग `スロット1` किंवा `スロット2`, मग `実行`. मन बदललं तर `キャンセル`. फॉरमॅटने कुलूप लावलेले, म्हणजे पुसले जाऊ नयेत म्हणून राखून ठेवलेले फोटोही जातात. कोणत्या स्लॉटमध्ये आपण आहोत याबद्दल थोडीही शंका असेल तर दुसरं कार्ड चक्क बाहेर काढून ठेवा. त्या एका कृतीने चुकीचं कार्ड पुसलं जाण्याची शक्यताच उरत नाही.

कार्ड संगणकावर फॉरमॅट न करता कॅमेऱ्यातच करा. कॅमेऱ्याला लागणारे फोल्डर आणि नोंदींची फाइल त्यात बनते. दुसऱ्या कॅमेऱ्यात किंवा संगणकात हाताळलेलं कार्ड घातल्यावर नोंदींबद्दल संदेश आला आणि त्यात `管理ファイル` हे शब्द दिसले, तर घाबरू नका. फोटो जागेवर आहेत, कॅमेरा त्यांची यादी दुरुस्त करायची का एवढंच विचारतो आहे. `修復` म्हणजे दुरुस्ती. पिवळ्या पेटीत `管理ファイル修復` ही ओळही त्यासाठीच आहे.

यासोबत जांभळ्या कॅमेऱ्यातली `カードなしレリーズ` ही ओळ शोधा. कार्ड नसताना शटर उडू द्यायचं का, हे ती ठरवते. `許可` म्हणजे परवानगी, `禁止` म्हणजे मनाई. मुळात ती `許可` वर असते, म्हणजे रिकाम्या कॅमेऱ्यानेही शटरचा आवाज येतो, फोटो क्षणभर दिसतोही, आणि साठत काहीच नाही. `禁止` करा. पहिल्या दिवशी करायच्या कामांत ही ओळ मी सगळ्यात वर धरतो.

## ६. दोन कार्डांची कामं वाटून देणं

पिवळ्या पेटीत `記録メディア設定` उघडा. आत तीन गोष्टी ठरतात.

`優先記録メディア`: कोणतं कार्ड मुख्य. `優先` तुम्हाला आधी भेटलेला आहे. इथे `スロット1` ठेवा.

`記録モード`: दोन कार्डं कशी वापरायची. पर्यायांची नावं लांब आहेत, पण प्रत्येकाचा पहिला शब्द ओळखला की पुरे.

- `標準`: फक्त मुख्य कार्डावर लिहिणं.
- `同時記録`: दोन्ही कार्डांवर तेच एकाच वेळी लिहिणं, म्हणजे जागच्या जागी दुसरी प्रत.
- `振り分け`: वाटून लिहिणं. पुढे `RAW` आणि `JPEG` दिसले तर रॉ एका कार्डावर, जेपेग दुसऱ्यावर. पुढे `静止画` आणि `動画` दिसले तर फोटो एकीकडे, व्हिडिओ दुसरीकडे.

`同時記録` चे काही उपप्रकार आहेत. त्यातल्या एकात फक्त `静止画`, एकात फक्त `動画`. व्हिडिओची प्रत हवी असताना फोटोचा प्रकार निवडला गेला तर प्रत झालीच नाही हे घरी पोचल्यावर कळतं. इथेही तीन अक्षरं की दोन, हे मोजूनच निवडा.

तिसरी ओळ `自動切換` या शब्दांनी संपते. ती `入` असेल तर मुख्य कार्ड भरल्यावर कॅमेरा आपोआप दुसऱ्यावर जातो. `標準` पद्धत वापरणाऱ्याने ती `入` ठेवावी.

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. एखाद्या समारंभाचे फोटो काढायचे आहेत, जेपेग त्याच दिवशी द्यायचे आहेत, रॉ नंतर घरी संपादनाला हवेत. स्लॉट १ मध्ये ६४ जीबीचं वेगवान कार्ड आहे, स्लॉट २ मध्ये ६४ जीबीचं साधं.

`ファイル形式` मध्ये `RAW+JPEG`. `RAW記録方式` मध्ये दोन अक्षरी `圧縮`. `JPEG画質` मध्ये `ファイン`, आकार `L`. `優先記録メディア` मध्ये `スロット1`. `記録モード` मध्ये `振り分け`, ज्याच्या पुढे `RAW` आणि `JPEG` आहेत तो. मुख्य कार्डाकडे रॉ जाते, दुसऱ्याकडे जेपेग. जड फाइली वेगवान खाचेत आणि हलक्या फाइली मंद खाचेत, अशी ही वाटणी या बॉडीला नेमकी जुळते.

जागेचा हिशेब: २४ एमबीची एक रॉ धरली तर ६४ जीबीत अंदाजे २,६०० रॉ बसतात. जेपेग याहून खूप लहान, त्यामुळे दुसऱ्या कार्डात जागा उरते, पण तिचा उपयोग होत नाही. रॉचं कार्ड भरलं की शूटिंग थांबतं, कारण दोन्ही फाइली एकत्र लिहिल्या जाणं या पद्धतीत गरजेचं आहे. चुकून `非圧縮` लागलं असेल तर हाच आकडा १,३०० च्या आसपास येतो. फॉरमॅट केलेल्या कार्डावर पडद्यातला उरलेल्या फोटोंचा आकडा अपेक्षेच्या निम्मा दिसला, तर रॉची ओळ तपासण्यासाठी मेन्यूही वाचावा लागत नाही, आकडाच सांगतो.

आणि वाटणीची मर्यादाही लक्षात घ्या. इथे प्रत्येक फाइल एकाच कार्डावर आहे. रॉचं कार्ड खराब झालं तर हाती फक्त जेपेग राहतात. पुन्हा न येणारा प्रसंग असेल तर `同時記録` घ्या आणि वेगाची घट स्वीकारा. दोन्हीकडे रॉ लिहिली जाते तेव्हा वेग मंद कार्डाचा राहतो, त्यामुळे लांब सलग शूटिंगनंतर कॅमेरा लिहीत बसतो. तो लिहीत असल्याचा दिवा जळत असताना दार उघडू नका.

## ७. तीन फोटो काढून तपासा

सगळं लावल्यावर तीन फोटो आणि एक छोटा व्हिडिओ घ्या, कॅमेरा बंद करा आणि दोन्ही कार्डं संगणकात उघडा. स्लॉट १ च्या कार्डात `.ARW` शेवट असलेल्या तीन फाइली आणि स्लॉट २ च्या कार्डात त्याच क्रमांकाच्या तीन `.JPG` फाइली असायला हव्यात. `.ARW` ची फाइल २४ एमबीच्या आसपास आहे का तेही बघा. जेपेग रुंदीला ६,००० पिक्सेल भरला तर आकार `L` आहे याची खात्री पटते.

कॅमेऱ्यातच फोटो बघताना एक भलताच धक्का बसू शकतो: आत्ताच काढलेले फोटो गायब. कॅमेरा एका वेळी एकाच कार्डातले फोटो दाखवतो. निळ्या खुणेत `再生メディア選択` शोधा आणि दुसरा स्लॉट निवडा. ही ओळ माहीत नसल्यामुळे भरलेलं कार्ड रिकामं समजून फॉरमॅट केलं जातं, म्हणून कार्ड पुसण्याआधी दोन्ही स्लॉट उघडून बघण्याचा नियम ठेवा.

## ८. हाताबाहेर गेलं तर

खूप ठिकाणी बोटं लागून काही सुचेनासं झालं तर पिवळ्या पेटीत `設定リセット`. आत दोन पर्याय. `カメラ設定リセット` मुख्य शूटिंग सेटिंग्ज मूळपदावर आणतो. `初期化` सगळंच पुसून कोरं करतो. पहिला आधी वापरा. दोन्हींनंतर वरच्या पायऱ्या ४ ते ६ पुन्हा तपासाव्या लागतील, आणि `カードなしレリーズ` परत `許可` वर गेलं का हेही बघा.

## ९. लागणाऱ्या ओळी एका जागी आणा

मेन्यूची डझनावारी पानं रोज चाळण्याची गरज नाही. ताऱ्याच्या खुणेत `マイメニュー` उघडा, `項目の追加` म्हणजे ओळ जोडणं निवडा, आणि मूळ मेन्यूच्या याद्यांतून या चार ओळी घ्या: `ファイル形式`, `RAW記録方式`, `記録メディア設定`, `フォーマット`. जोडताना कॅमेरा ती ओळ कुठे ठेवायची ते विचारतो. `フォーマット` मुद्दाम सर्वांत शेवटी ठेवा, म्हणजे घाईत पहिल्याच दाबाला ती उघडणार नाही.